तांब्याच्या दोन भुकट्या आणि डाल्टनचा अणू

तांब्याचे एक ऑक्साइड काळे असते, दुसरे लालसर. काळी भुकटी ४.०० ग्रॅम घेऊन काचनळीत तापवली आणि वरून हायड्रोजन सोडला, तर त्यातला ऑक्सिजन पाण्याच्या वाफेच्या रूपाने निघून जातो आणि ३.२० ग्रॅम तांबे उरते. २.०० ग्रॅम घेतली तर १.६० ग्रॅम. भुकटी कुठल्याही कारखान्याची असो, शुद्ध असली की पाचातले चार भाग तांबेच.

उरलेले वजन ३.३० भरले, तर नियमावर शंका घेण्याआधी नळीकडे पाहावे. बहुधा थोडी भुकटी काळीच राहिलेली असते, किंवा गरम तांबे घाईने हवेत काढल्यामुळे त्याने पुन्हा ऑक्सिजन घेतलेला असतो. म्हणून ते हायड्रोजनमध्येच थंड करायचे, आणि लागोपाठची दोन वजने सारखी येईपर्यंत पुन्हा पुन्हा तापवायचे.

हाच स्थिर प्रमाणाचा नियम. १७९९ मध्ये स्पेनमध्ये काम करणाऱ्या जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनज्ञाने तो मांडला. खाणीत सापडलेले कॉपर कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत बनवलेले, दोन्हींची घडण त्याला सारखीच आढळली. बेर्तोले मात्र अडून बसला होता: संयुग जसे बनवाल तसे प्रमाण बदलेल, असे त्याचे म्हणणे. वाद काही वर्षे रंगला.

आता लाल भुकटी. तिच्या ३.६० ग्रॅममधूनही ३.२० ग्रॅम तांबेच मिळते. टक्केवारी काढली तर काळीत ऑक्सिजन २०, लालमध्ये ११.१. या आकड्यांत काही मेळ दिसत नाही. टक्केवारीची सवय इथे आड येते. तांबे दोन्हीकडे ३.२० ग्रॅम धरले, की ऑक्सिजन एकीकडे ०.८० आणि दुसरीकडे ०.४० ग्रॅम. बरोबर दुप्पट! दीडपट नाही, पावणेदोनपटही नाही.

मँचेस्टरच्या जॉन डाल्टनला याचे कारण ठाऊक होते. १८०८ च्या ग्रंथात त्याने म्हटले की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू एकसारखे आणि ठरावीक वजनाचे असतात, आणि संयुग बनताना ते अखंडच जोडले जातात. अर्धा अणू जोडता येत नाही, म्हणून ही गुणोत्तरे लहान पूर्णांकांत येतात. हा गुणित प्रमाणाचा नियम.

पण तराजू एवढेच सांगतो की काळीत ऑक्सिजन दुप्पट आहे. काळी CuO आणि लाल Cu₂O, की काळी CuO₂ आणि लाल CuO? दोन्ही जोड्या या वजनांत बसतात. अशा वेळी डाल्टन सर्वांत साधी जोडणी गृहीत धरी, आणि त्यातच फसला: पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, असे त्याने मानले. त्यामुळे ऑक्सिजनच्या अणूचे वजन निम्म्यावर आले. वायूंच्या घनफळांवरून ही गाठ सोडवण्याची वाट आव्होगाद्रोने १८११ मध्येच दाखवली होती; ती बहुतेकांच्या गळी उतरली कानिझारोने १८६० मध्ये कार्ल्सरूच्या परिषदेत तिची बाजू मांडल्यावर.