क्लाउडवर टाकलं की सुटलो?

सर्व्हर क्लाउडवर हलवला की सुरक्षेची डोकेदुखीही त्या कंपनीकडे गेली, असं बऱ्याच ऑफिसांत गृहीत धरलेलं असतं. महिन्याचं बिल भरतो, मग राखण त्यांनीच करायची, असा साधा हिशेब. प्रत्यक्ष करारात मात्र कामाची वाटणी असते. अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस ती अशी मांडते: क्लाउडची सुरक्षा आमची, क्लाउडमध्ये तुम्ही जे ठेवता त्याची सुरक्षा तुमची. इमारत, वीज, डिस्क, नेटवर्कच्या तारा आणि एका यंत्रावर अनेकांचे सर्व्हर वेगळे ठेवणारं सॉफ्टवेअर हे कंपनीकडे. त्याच्या वरचं किती तुमच्याकडे येतं, हे तुम्ही कोणती सेवा घेतली त्यावर ठरतं.

गैरसमज : एवढी मोठी कंपनी आहे, तिची यंत्रणा कोण फोडणार?

फोडावी लागतच नाही. अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेचं 2019 मधलं प्रकरण मुळापासून पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या सुमारे 10 कोटी आणि कॅनडातल्या सुमारे 60 लाख लोकांची माहिती बाहेर गेली. बँक अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर होती, पण अ‍ॅमेझॉनचं एकही कुलूप तुटलं नव्हतं.

बँकेने भाड्याच्या सर्व्हरवर वेब फायरवॉल स्वतः बसवली होती आणि तिची मांडणी चुकली होती. बाहेरून आलेली विनंती ती आतल्या पत्त्यांवरही पाठवत असे. ईसी-टू या सेवेतल्या प्रत्येक सर्व्हरला `169.254.169.254` हा एक अंतर्गत पत्ता उपलब्ध असतो. सर्व्हरने तिथे विचारलं की त्याला नेमून दिलेल्या भूमिकेच्या तात्पुरत्या किल्ल्या मिळतात. हल्लेखोर महिलेने फायरवॉललाच हा प्रश्न विचारायला लावलं आणि किल्ल्या हातात आल्या. पुढचं काम दोन आज्ञांचं होतं: एस-थ्री साठवणुकीतल्या बकेटांची यादी काढायची आणि मजकूर उतरवून घ्यायचा. सातशेहून जास्त बकेटांची नावं त्या यादीत होती.

आता यातलं काय कोणाच्या वाट्याचं होतं? फायरवॉलची मांडणी बँकेची. पण माझ्या मते खरी चूक दुसरीच होती. आलेल्या विनंत्या तपासणाऱ्या फायरवॉलच्या भूमिकेला ग्राहकांची कागदपत्रं वाचायचं कामच काय? तो अधिकार बँकेनेच दिला होता. आणि एन्क्रिप्शन? ते होतं, तरी उपयोग झाला नाही. ज्या भूमिकेला फाइल उघडायचा अधिकार आहे, तिने मागितली की फाइल उलगडूनच मिळते. ‘आमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे’ हे वाक्य ऐकलं की किल्ली कोणाकोणाकडे आहे, हे विचारावं. ऑगस्ट 2020 मध्ये नियामकाने 8 कोटी डॉलरचा दंड ठोठावला, तो बँकेला.

अ‍ॅमेझॉनलाही पूर्ण निर्दोष म्हणता येत नाही. कोणीही साधी विनंती केली की त्या अंतर्गत पत्त्याने किल्ली द्यावी, ही रचना तिचीच होती. नोव्हेंबर 2019 मध्ये कंपनीने नवी पद्धत आणली. तिच्यात आधी वेगळं टोकन मागून घ्यावं लागतं, आणि असल्या फसवलेल्या फायरवॉलला ते सहसा जमत नाही. पण जुन्या सर्व्हरवर ती आपोआप सक्तीची झाली नाही. ती तुम्हीच करायची:

```
aws ec2 modify-instance-metadata-options \
  --instance-id <सर्व्हरचा-आयडी> \
  --http-tokens required \
  --http-endpoint enabled
```

दार कंपनीने दिलं, कडी लावायचं काम ग्राहकाकडे राहिलं.

गैरसमज : ‘मॅनेज्ड’ सेवा घेतली, आता आपल्याकडे काही नाही.

ईसी-टूवर स्वतः डेटाबेस चालवला तर ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅचही तुम्हीच लावता. त्याऐवजी आरडीएस ही डेटाबेसची तयार सेवा घेतली, तर यंत्र, ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिचे पॅच अ‍ॅमेझॉनकडे जातात. वाटणीची रेघ खरोखरच वर सरकते, आणि लहान टीमसाठी हा मोठाच दिलासा असतो.

पण आरडीएसच्या सेटिंगांत डोकावून पाहा. डेटाबेस इंटरनेटवरून पोहोचण्याजोगा ठेवायचा का, हे तुम्ही निवडता. सिक्युरिटी ग्रुपमध्ये `0.0.0.0/0` असेल, तर जगातल्या कोणत्याही पत्त्याला त्या पोर्टपर्यंत वाट मोकळी आहे. घरून काम करणाऱ्या कोणाला तरी ‘तात्पुरतं’ जोडून द्यायचं म्हणून हे टाकलं जातं आणि मग तसंच राहतं. स्वयंचलित बॅकअप किती दिवस ठेवायचा, हेही तुमच्याकडे: जास्तीत जास्त 35 दिवस, आणि आकडा 0 ठेवला तर बॅकअप बंद. डेटाबेसचे वापरकर्ते, त्यांचे पासवर्ड आणि नोकरी सोडून गेलेल्यांची खाती यांत अ‍ॅमेझॉन हात घालत नाही. ही सगळी सेटिंगं ग्राहकाची इच्छा म्हणून पाळली जातात, चुकीची असली तरी.

गैरसमज : तयार सॉफ्टवेअरच वापरतो, म्हणजे सगळं त्यांचंच.

इथे ग्राहकाच्या वाट्याला सगळ्यात कमी काम येतं. सर्व्हर दिसत नाही, पॅचचा प्रश्न नाही. उरतात माणसांची खाती आणि डेटा. 2024 मध्ये स्नोफ्लेक या डेटा सेवेच्या ग्राहकांवर हल्ले झाले ते नेमके इथेच. तपास करणाऱ्या मँडियंटच्या माहितीनुसार सुमारे 165 संस्थांना धोक्याची सूचना द्यावी लागली. स्नोफ्लेकची यंत्रणा फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. कर्मचाऱ्यांच्या किंवा कंत्राटदारांच्या संगणकांतून पासवर्ड चोरणाऱ्या व्हायरसने आधीच उचललेले पासवर्ड वापरून हल्लेखोर रीतसर लॉगिन करून आत गेले. काही पासवर्ड 2020 पासूनचे होते आणि तरीही चालत होते. ज्या खात्यांत शिरकाव झाला, तिथे दुसऱ्या टप्प्याची ओळख-पडताळणी लावलेली नव्हती.

त्याच वर्षी ऑक्टोबरपासून स्नोफ्लेकने नव्या खात्यांत ही पडताळणी मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली. हे आधी करता आलं नसतं का, हा प्रश्न रास्तच आहे. करारात जबाबदारी ग्राहकाची असली, तरी ग्राहक बहुधा आहे तीच सेटिंग ठेवतो, हे विक्रेत्याला ठाऊक असतं.

गैरसमज : म्हणजे कंपनीची चूक कधीच नसते.

असते, आणि मोठी असते. 2023 मध्ये हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्टचीच एक स्वाक्षरी-किल्ली वापरून खोटी प्रवेशपत्रं बनवली आणि अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांचे ईमेल वाचले. तिथे ग्राहकाने कितीही चांगला पासवर्ड ठेवला असता तरी फरक पडला नसता. पण चोरी लक्षात आली ती अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या लोकांना, कारण मेल कोणी कधी उघडली याच्या नोंदी ते पाहत होते. त्या नोंदी तेव्हा महागड्या परवान्यातच मिळत. टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने त्या इतर ग्राहकांनाही खुल्या केल्या.

भारतात वाटणी कशीही झाली, तरी कायद्यापुढे उत्तर कोणी द्यायचं हे स्पष्ट आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, लोकांची माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणारी संस्थाच जबाबदार राहते, काम दुसऱ्याकडून करून घेतलं असलं तरी आणि करारात काहीही लिहिलेलं असलं तरी. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे.