हिरवे शब्द, जांभळे शब्द

३१ जानेवारी २०२३ रोजी ओपनएआयने एक साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात मजकूर टाकायचा आणि तो माणसाने लिहिलाय की यंत्राने, याचा अंदाज घ्यायचा. चॅटजीपीटी येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. निबंध तपासणारे शिक्षक हवालदिल होते, त्यामुळे या साधनावर उड्या पडल्या. आपल्या साधनाची कुवत किती, ते कंपनीने आधीच सांगून टाकलं होतं. यंत्राने लिहिलेल्या शंभर इंग्रजी मजकुरांपैकी ते २६ ओळखायचं आणि माणसांनी लिहिलेल्या शंभरांपैकी ९ मजकुरांवर उगाच आळ घ्यायचं.

हे आकडे एका कॉलेजात लावून पाहू. हजार निबंध जमा झाले. त्यातले ९०० मुलांनी स्वतः लिहिले, १०० यंत्राकडून लिहून घेतले असं धरू. साधन त्या १०० पैकी २६ पकडेल. उरलेल्या ९०० प्रामाणिक निबंधांचे नऊ टक्के म्हणजे ८१. एकूण १०७ मुलं प्राचार्यांसमोर उभी राहणार आणि त्यातली ८१ निर्दोष असणार. खरे ७४ चोर बाहेर मोकळे फिरत असतील, ते वेगळंच. २० जुलैला कंपनीने अचूकता कमी असल्याचं सांगून हे साधन बंद केलं. ज्यांनी यंत्र घडवलं, त्यांनाच त्याचं लिखाण खात्रीने ओळखता येईना.

असं का व्हावं, हे समजून घ्यायला यंत्र लिहितं कसं ते पाहावं लागतं. ‘आज सकाळी उठून मी चहा...’ एवढं लिहून थांबा. पुढे काय येईल? ‘घेतला’, ‘केला’, ‘प्यायलो’ हे शब्द चटकन सुचतात. ‘सांडला’ जरा मागून येतो. ‘नाकारला’ तर फारच मागून. भाषेचं मॉडेल प्रत्येक पायरीवर नेमकं हेच करतं. पुढे येऊ शकणाऱ्या हजारो तुकड्यांना ते शक्यतेप्रमाणे रांगेत लावतं आणि त्यातला एक उचलतं. मग ज्या मजकुरातला जवळजवळ प्रत्येक शब्द रांगेच्या डोक्यावरून उचललेला दिसतो, तो यंत्राचा असण्याचा संभव जास्त. मजकूर ओळखणाऱ्या बहुतेक साधनांच्या मुळाशी कुठल्या ना कुठल्या रूपात हीच कल्पना आहे.

२०१९ मध्ये एमआयटी-आयबीएमची प्रयोगशाळा आणि हार्वर्ड इथल्या संशोधकांनी ‘जीएलटीआर’ नावाचं साधन केलं, त्यात ही कल्पना डोळ्यांनी दिसायची. मॉडेलच्या रांगेत पहिल्या दहांत असलेला शब्द हिरवा, पहिल्या शंभरांत असलेला पिवळा, हजारांत असलेला लाल आणि त्याच्याही मागचा जांभळा. त्या काळच्या जीपीटी-२ चा मजकूर टाकला की पान हिरवंगार व्हायचं. माणसाच्या मजकुरात मधूनमधून लाल-जांभळे ठिपके उमटायचे, कारण माणूस चहा सांडतोही आणि नाकारतोही. नुसतं वाचून ओळखायला सांगितलं तेव्हा लोकांचं उत्तर ५४ टक्के वेळा बरोबर आलं, म्हणजे नाणं उडवण्याहून थोडंसंच बरं. रंग दाखवल्यावर हे प्रमाण ७२ टक्क्यांवर गेलं.

यावर तोड निघाली, पण ती कुणी या साधनांना चकवायला काढली नव्हती. रांगेतला पहिलाच शब्द सतत उचलला की मजकूर रटाळ होतो, तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. म्हणून त्याच वर्षी अ‍ॅरी होल्ट्झमन आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. शक्यतांची बेरीज एका मर्यादेपर्यंत, समजा ९५ टक्क्यांपर्यंत, जाईल एवढे शब्द रांगेच्या पुढून घ्यायचे आणि त्यांच्यात सोडत काढायची. कधी ‘घेतला’ निघेल, कधी ‘सांडला’. लिखाण जिवंत वाटू लागलं आणि जाता जाता रंगांचा खेळही बिघडला. शस्त्रस्पर्धेत दोन्ही बाजू एकमेकींवर नेम धरून असतात असं आपण समजतो. इथे बराच काळ एकाच बाजूने नेम धरला होता. दुसरी आपल्या वाटेने सुधारत होती आणि तिच्या प्रत्येक सुधारणेनंतर पहिलीला नव्याने मोजमाप शोधावं लागत होतं.

याच सुमाराची एक विपरीत गोष्ट मला फार आवडते. डॅफ्नी इप्पोलिटो आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की शब्द निवडण्याच्या ज्या पद्धतीने माणसं सर्वांत जास्त फसतात, तीच पद्धत यंत्राला सर्वांत सहज पकडता येते. रांगेच्या शेपटाकडचे विचित्र शब्द छाटून टाकले की वाक्यं सफाईदार होतात. माणसाला खटकणारं काही उरत नाही. पण ते शब्द अजिबातच न येणं हे आकडेमोडीला स्पष्ट दिसतं. माणूस अर्थाचा घोटाळा शोधतो, यंत्र शब्दांची वारंवारता मोजतं.

जानेवारी २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ‘डिटेक्टजीपीटी’ आणलं. मजकुरातले काही शब्द बदलून त्याच्या अनेक आवृत्त्या करायच्या आणि प्रत्येक आवृत्ती मॉडेलला किती संभाव्य वाटते ते मोजायचं. यंत्राचा मजकूर टेकडीच्या माथ्यावर उभा असतो, कुठल्याही दिशेला सरकला तरी उतरणच लागते. माणसाचा मजकूर उतारावर कुठेही असतो. काही शब्द बदलल्यावर तो खाली जाईल तसा वरही जाईल. युक्ती देखणी होती. अडचण अशी की ज्या मॉडेलने लिहिलं असेल त्याच्याच शक्यता हाताशी असतील तेव्हा ती नीट चालते, आणि मोठ्या कंपन्यांची मॉडेलं आतून उघडी नसतात.

दुसरी अडचण दोन महिन्यांतच आली आणि ही मात्र नेम धरून केलेली होती. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या कल्पेश कृष्ण आणि सहकाऱ्यांनी ‘डिपर’ नावाचं मॉडेल बनवलं. त्याचं काम एकच, दिलेला परिच्छेद अर्थ राखून दुसऱ्या शब्दांत मांडणं. निर्दोषांवर आळ फक्त एक टक्का येईल अशी अट घातली, तेव्हा डिटेक्टजीपीटी यंत्राचे ७० टक्के मजकूर पकडत होतं. तेच मजकूर डिपरमधून काढल्यावर पकड ४.६ टक्क्यांवर आली. टेकडीच्या माथ्यावरून मजकूर थोडा खाली ढकलला, एवढंच. आज ‘मजकूर माणसासारखा करून देतो’ म्हणून पैसे घेणाऱ्या सेवा हेच करतात आणि गिऱ्हाइकाला देण्याआधी तो बाजारातल्या ओळखणाऱ्या साधनांतून तपासूनही घेतात. पकडणाऱ्याने साधन लोकांना वापरायला दिलं की निसटणाऱ्याला सराव करायला तेच मिळतं. गुप्त ठेवलं, तर ज्याच्यावर आळ आला त्याला तो पडताळून पाहता येत नाही. या पेचातून सुटका कुणी काढलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

चढाओढीचा फटका मात्र तिसऱ्यालाच बसतो. स्टॅनफर्डच्याच दुसऱ्या गटाने २०२३ मध्ये टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात साधनांना दिले. ते लिहिणाऱ्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुखरूप सुटले. कारण वर आलेलंच आहे. परकी भाषा लिहिणारा माणूस ओळखीचे शब्द आणि वाक्यांचे ठरलेले साचे वापरतो, जोखमीचा शब्द टाळतो. त्याचंही पान हिरवंगार होतं. मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत प्रकल्प लिहिणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी जास्तच. त्या प्रयोगाचा पुढचा भाग तर कडेलोट होता. हेच निबंध चॅटजीपीटीला ‘शब्दसंपदा वाढव’ म्हणून दिले, तेव्हा आळ येण्याचं प्रमाण झपाट्याने उतरलं. माणूस ठरायला यंत्राची मदत घ्यावी लागली.

यावरची पुढची चाल २०२४ मध्ये आली. ‘बायनॉक्युलर्स’ नावाच्या साधनाने निव्वळ अनपेक्षितपणा मोजणं सोडून दिलं. समजा, कुणी यंत्राला ‘खगोलशास्त्रज्ञ असलेल्या कॅपिबारावर लिही’ असं सांगितलं. कॅपिबारा म्हणजे दक्षिण अमेरिकेतला मोठा उंदीरवर्गीय प्राणी. ओळखणाऱ्याच्या हाती फक्त उत्तर येतं, प्रश्न येत नाही. त्याला ‘कॅपिबारा’ आणि ‘दुर्बीण’ शेजारी दिसले की मजकूर फारच अनपेक्षित, म्हणून माणसाचा वाटतो. बायनॉक्युलर्समध्ये एकाच घराण्यातली दोन मॉडेलं आहेत. मजकुराचा अनपेक्षितपणा एकाकडून मोजायचा, आणि त्या जागी दुसऱ्या मॉडेलने सुचवलेले शब्द पहिल्याला किती अनपेक्षित वाटतात त्याने भागायचं. विषयच विचित्र असेल तर दोन्ही आकडे सोबत वाढतात आणि गुणोत्तर खाली राहतं. मधल्या काळातल्या कल्पनांपैकी ही मला सर्वांत हुशारीची वाटते. तरीही इंग्रजी ‘a’च्या जागी तसंच दिसणारं रशियन लिपीतलं अक्षर पेरणं यांसारख्या बाळबोध युक्त्यांनीही अनेक साधनं कोलमडतात, हे त्याच वर्षीच्या ‘रेड’ या मोठ्या चाचणीत दिसलं.

मग नंतर शोधण्यापेक्षा लिहितानाच खूण का पेरू नये? मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये हेच सुचवलं. आधीच्या तुकड्यावरून एका गुप्त सूत्राने पुढच्या सगळ्या तुकड्यांचे दोन गट पाडायचे, हिरवा आणि लाल, आणि मॉडेलला हिरव्याकडे किंचित झुकवायचं. वाचणाऱ्याला काही जाणवत नाही. गट निम्मे-निम्मे असतील तर माणसाच्या २०० तुकड्यांत साधारण १०० हिरवे निघतील, दहा-पंधरा इकडेतिकडे. १४० निघाले, तर ते योगायोगाने घडण्याचा संभव कोट्यवधींत एखादा. इथे अंदाज नाही, हिशेब आहे. गूगलने ‘सिंथआयडी’ नावाने याच जातीची पद्धत जेमिनीत वापरली आणि २०२४ मध्ये ती ‘नेचर’मध्ये मांडली. पण मजकूर बराचसा पुन्हा लिहिला की खूण विरत जाते, तुकडा छोटा असला तर ती पुरेशी उमटत नाही, आणि ज्यांची मॉडेलं कुणीही उतरवून घरच्या संगणकावर चालवू शकतं, त्यांना खूण पेरायला कोण भाग पाडणार?

मेरीलँडच्याच दुसऱ्या एका गटाने गणिताने दाखवलं की यंत्राचं लिखाण माणसाच्या लिखाणाच्या जितकं जवळ जाईल, तितकी सर्वांत उत्तम साधनाचीही मजल नाणं उडवण्याकडे घसरेल. त्याला त्याच विद्यापीठातून उत्तर आलं की दोन्हींत तसूभर फरक असेल तोवर पुरेसा लांब मजकूर किंवा पुरेसे नमुने मिळाले की तो पकडता येतो. दोन्ही बरोबर आहेत, मात्र शिक्षकाच्या हातात एकाच मुलाचा दोन पानांचा निबंध असतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने २०२३च्या ऑगस्टमध्ये टर्नइटिनचं ओळखणारं साधन बंद केलं, ते याच हिशेबाने. आदल्या वर्षी त्यांच्याकडे ७५ हजार निबंध आले होते. एक टक्का चूक धरली तरी ७५० जणांवर खोटा आळ येईल.

आता बरेच शिक्षक तयार मजकूर सोडून तो लिहिला कसा गेला ते पाहू लागले आहेत. गूगल डॉक्समधला बदलांचा इतिहास मागतात, खाडाखोड कुठे झाली, एकदम मोठा परिच्छेद कुठे चिकटवला ते तपासतात. त्यावर चिकटवलेला मजकूर अक्षर-अक्षर करून टंकणारे, मधे थांबणारे, मुद्दाम चुकून मागे येऊन दुरुस्त करणारे ब्राउझरचे जोड-प्रोग्रॅम मिळायला लागलेसुद्धा.