भट्टी थांबत नाही तेव्हा

पाळ्या बदलल्याची नोटीस टाइम ऑफिसबाहेर लागली की माणसं आधी आपलं नाव शोधतात, मग रविवार शोधतात. वरचा मजकूर वाचायला कोणी थांबत नाही. मी एका काच कारखान्याच्या टाइम ऑफिसात बरीच वर्षं काढली. माझ्या पहिल्या नोटिशीत कारण म्हणून एवढंच होतं : 'व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार'. दुसऱ्याच दिवशी दारात घोळका उभा राहिला, आणि तो बरोबर होता.

खरं कारण साध्या हिशोबाचं असतं, आणि ते नोटिशीत लिहायलाच हवं. काचेची भट्टी रविवारी विझवता येत नाही. आठवड्याचे तास 168. तीन ग्रुप प्रत्येकी 48 तास आले तरी 144 तासच भरतात. उरलेले 24 तास ओव्हरटाइमवर ओढायचे, म्हणजे दर माणशी आठवड्याला 8 तास जास्त. चौथा ग्रुप उभा केला की सरासरी 42 तासांवर येते. पण ओव्हरटाइमचे दुप्पट दराचे पैसे बंद होतात. ही गोष्ट नोटिशीत लपवली की पुढचं काहीच कोणी खरं धरत नाही. ती पहिल्या परिच्छेदात यावी, भरपाई ठरली असेल तर तीही.

नवा तक्ता बहुतेक ठिकाणी असा असतो : दोन दिवस सकाळ, दोन दिवस दुपार, दोन रात्री, दोन सुट्ट्या. आठ दिवसांचं चक्र. पाळी 7, 3 आणि 11 ला बदलते असं धरा. सकाळपाळी 3 वाजता सुटली की पहिली दुपारपाळी दुसऱ्या दिवशी 3 ला लागते, मध्ये पूर्ण 24 तास. उलट्या क्रमात, म्हणजे दुपारवरून सकाळवर जाताना, रात्री 11 ला सुटलेला माणूस पुन्हा 7 ला गेटवर. जायचं-यायचं, जेवण, आंघोळ धरली तर झोप जेमतेम पाच तास. आपल्या शरीराचं घड्याळ 24 तासांहून किंचित सावकाश चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. म्हणून पाळी पुढे सरकवायची, मागे नाही.

या तक्त्याची उणी बाजू सुट्टीत आहे. दुसरी रात्रपाळी सकाळी 7 ला संपते आणि तिथून सुट्टी मोजतात. कागदावर 48 तास, पण पहिला दिवस झोपेतच जातो. रविवारचंही तसंच. चक्र आठ दिवसांचं आणि आठवडा सातांचा, त्यामुळे आठ आठवड्यांत प्रत्येकाला दोनच रविवार मिळतात, तेही लागोपाठ. पुढचे सहा रविवार कामावर. म्हणून नोटिशीसोबत निदान आठ आठवड्यांचा तक्ता तारखांसकट लावावा, म्हणजे लग्नकार्य, गणपती यांचा मेळ घरी बसून घालता येतो. स्थायी आदेशांत तरतूद नसेल तर अशा बदलाची नोटीस कायद्याने 21 दिवस आधी द्यावी लागते. हरकती आणि विनंत्या याच दिवसांत याव्यात.

विनंतीचे दोन प्रकार वेगळे ठेवावेत. कायमचा बदल, म्हणजे ग्रुप बदलून हवा किंवा डॉक्टरांनी रात्रपाळी बंद सांगितली आहे, तो लेखी अर्जाने आणि कागदांसह टाइम ऑफिसकडे. एखाद्या दिवसापुरती अदलाबदल दोघांच्या सहीने, सुपरवायझरकडे. बदली माणूस त्याच कामाचा हवा, भट्टीवरच्याच्या जागी पॅकिंगमधला चालत नाही.

अदलाबदलीत चूक नेमकी कुठे होते ते एका प्रसंगावरून सांगतो. एकाची पहिली दुपारपाळी बुधवारी होती, त्या संध्याकाळी मुलीचं गॅदरिंग. त्याच दिवशी पहिली सकाळपाळी असलेला मित्र तयार झाला. दोघांनी सह्या केल्या, सुपरवायझरनेही केली. याचं ठीक झालं. मित्र मात्र बुधवारी रात्री 11 ला सुटला आणि गुरुवारी 7 ला त्याची स्वतःची सकाळपाळी होती. तो डुलक्या घेत भट्टीसमोर उभा होता, ते मी पाहिलं आणि त्याला घरी पाठवलं. बुधवार-गुरुवार दोन्ही दिवस एकदम बदलले असते तर काहीच बिघडलं नसतं : एकाच्या चार सकाळपाळ्या होऊन मग रात्र, दुसऱ्याच्या चार दुपारपाळ्या होऊन मग रात्र. दोघांनाही कुठेच आठ तासांची फट आली नसती.

तेव्हापासून आमच्या अदलाबदलीच्या फॉर्मवर दोन रकाने वाढले : आदल्या दिवशी किती वाजता सुटणार आणि दुसऱ्या दिवशी किती वाजता लागणार. दोघांनीही ते भरायचे. दोन पाळ्यांमधलं अंतर आठच तास आलं की फॉर्म परत जातो आणि सोबत दोन्ही दिवस बदलण्याचा पर्याय सुचवला जातो.