घर एक, खाती किती?

महिन्याची एक तारीख. पुण्यातलं एक नोकरदार जोडपं डोळ्यांसमोर आणू. त्याच्या हातात दरमहा ९० हजार रुपये येतात, तिच्या हातात ६० हजार. घरभाडं, किराणा, वीज, गॅस, गाडीचा हप्ता, कामाच्या मावशींचा पगार असा घराचा खर्च ७५ हजारांवर जातो. लग्नानंतर दोघांनी ठरवलं, की आपापली पगाराची खाती तशीच ठेवायची, घरखर्चासाठी तिसरं खातं उघडायचं आणि त्यात निम्मे-निम्मे पैसे भरायचे. दोघांनाही हे न्याय्य वाटलं. पण प्रत्येकी ३७,५०० रुपये भरल्यावर त्याच्याकडे उरतात ५२,५०० आणि तिच्याकडे २२,५००. पगारातला फरक दीडपटीचा होता. उरलेल्या रकमेत तो सव्वादोन पटींच्याही वर गेला.

एकच संयुक्त खातं बरं की स्वतंत्र खाती आणि घरखर्चापुरता वाटा, या वादात चर्चा बहुतेक वेळा खर्चावर होते. किराणा कोणी भरायचा, विजेचं बिल कोणाच्या ॲपवरून जायचं, यावर. खर्च मात्र कुठल्याही खात्यातून गेला तरी तो संपतो. टिकतो तो उरलेला पैसा. त्याचीच पुढे मुदत ठेव होते, म्युच्युअल फंड होतो, फ्लॅटचं डाउन पेमेंट होतं. म्हणून दोन पद्धती ताडून पाहताना विचारण्याचा प्रश्न एकच: महिन्याअखेर उरलेले पैसे कोणाच्या नावावर राहतात?

याच जोडप्याचं गणित तीन प्रकारे मांडून पाहू. पहिला प्रकार वर आलाच, निम्मा-निम्मा वाटा. दुसरा प्रकार पगाराच्या प्रमाणात वाटा घालण्याचा. दोघांचं मिळून उत्पन्न दीड लाख आणि घरखर्च ७५ हजार, म्हणजे उत्पन्नाच्या निम्मा. मग प्रत्येकाने आपल्या पगाराचा निम्मा भाग घरखात्यात टाकायचा: त्याने ४५ हजार, तिने ३० हजार. हाताशी उरतात तेवढेच, ४५ आणि ३० हजार. पगारातलं प्रमाण इथे बिघडत नाही.

तिसऱ्या प्रकारात पैशांची दिशाच उलटी होते. दोन्ही पगार पूर्णपणे संयुक्त खात्यात येतात. त्यातून ७५ हजार खर्चाला, समजा ३५ हजार दोघांच्या बचतीला, आणि राहिलेले ४० हजार दोघांच्या वैयक्तिक खात्यांत समसमान, प्रत्येकी २० हजार. स्वतंत्र खाती इथेही आहेत. फक्त पैसा वैयक्तिक खात्यातून घराकडे येण्याऐवजी घराकडून वैयक्तिक खात्यात जातो.

एका महिन्यात हा फरक किरकोळ वाटतो. दहा वर्षं पगार आणि खर्च जसेच्या तसे राहिले असं धरलं, तर निम्म्या वाट्याच्या पद्धतीत दोघांकडच्या रकमेत व्याज न धरताही ३६ लाखांची तफावत पडते. प्रमाणाच्या पद्धतीत ती १८ लाख असते आणि तिसऱ्या पद्धतीत शून्य. भांडण न होता, कोणीही कोणाला फसवलेलं नसताना, केवळ बँकेला दिलेल्या एका सूचनेमुळे घरातली बरीचशी मालमत्ता एकाच नावावर जमू शकते.

खरी कसोटी लागते ती एक पगार थांबल्यावर. कायद्यानुसार पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी मातृत्व रजा मिळते. त्यानंतर बाळाला सांभाळायला तिने वर्षभर नोकरी सोडली, असं समजू. घरात आता ९० हजारच येतात आणि खर्च ८० हजारांवर गेलेला असतो. प्रमाणाच्या नियमाने तिचा वाटा शून्य होतो, हे ठीकच. पण तिच्या खात्यात येणारी रक्कमही शून्य होते. तिची एसआयपी थांबते, भविष्य निर्वाह निधीत भर पडणं थांबतं, आणि मैत्रिणीच्या मुलाच्या बारशाला आहेर घ्यायचा तरी नवऱ्याकडे पैसे मागावे लागतात. उरलेले दहा हजार मात्र त्याच्याच खात्यात राहतात. तिसऱ्या पद्धतीत तेच दहा हजार पाच-पाच हजारांत वाटले जातात. रक्कम लहान आहे, पण ती मागावी लागत नाही.

संयुक्त खात्याच्या बाजूने एक चांगला प्रयोगही आहे. अमेरिकेतल्या जेनी ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लग्न ठरलेल्या किंवा नुकतंच झालेल्या २३० जोडप्यांना दोन वर्षं अभ्यासलं; २०२३मध्ये तो अभ्यास ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला सगळ्यांची खाती वेगळीच होती. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले गेले: काहींनी पैसे एकत्र करायचे, काहींनी वेगळेच ठेवायचे, काहींनी त्यांना हवं ते करायचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत नात्यातलं समाधान हळूहळू ओसरतं, असं पूर्वीच्या अभ्यासांत दिसलं होतं. बाकीच्या गटांत ते ओसरलं. पैसे एकत्र करणाऱ्यांमध्ये मात्र टिकून राहिलं. संशोधकांच्या मते त्यामागे तीन कारणं होती. पैशांच्या व्यवहाराबद्दल दोघांचं एकमत राहिलं, उद्दिष्टं सामायिक झाली, आणि ‘मी तुझ्यासाठी इतकं केलं, तू किती केलंस’ असा हिशेब मागे पडला.

हा निष्कर्ष आपल्याकडे लावताना थोडं थांबायला हवं. ती जोडपी अमेरिकेतली, तरुण, पहिल्या लग्नाच्या उंबरठ्यावरची होती. मराठी घरात नवरा-बायकोच्या पैशाला सासर-माहेरचे धागे असतात. तिला आई-वडिलांना दरमहा पाच हजार पाठवायचे असतात, त्याला गावाकडच्या भावाच्या विहिरीला मदत करायची असते. एकाच खात्यात प्रत्येक रुपया समोरच्याला दिसतो. तो पाठवताना कोणाला विचारावं लागत नाही आणि कोणाला दर वेळी कारण सांगावं लागतं, यावरून त्या घरातला खरा अधिकार कळतो. पगारवाल्या बायकोचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या किंवा सासूच्या कपाटात असलेली घरंही आहेत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्याने आर्थिक छळालाही हिंसाचारच मानलं आहे.

स्वतःच्या हुकमाचे पैसे असण्याची गरज किती जुनी आणि किती खोल आहे, हे नोव्हेंबर २०१६मध्ये दिसलं. नोटाबंदी झाली आणि डाळीच्या डब्यांत, साड्यांच्या घड्यांत वर्षानुवर्षं साठवलेल्या पाचशे-हजाराच्या नोटा बायकांना नवऱ्यासमोर बाहेर काढाव्या लागल्या. त्यातली बरीचशी रक्कम घरखर्चातूनच, अडीअडचणीसाठी वाचवलेली होती. उघडपणे हातात येणारी वैयक्तिक रक्कम असती, तर ती लपवावी लागली नसती. म्हणूनच सगळं एकाच खात्यात आणि वैयक्तिक काहीच नाही, अशी टोकाची व्यवस्थाही अनेकींना जाचते.

कायदा या बाबतीत किती साथ देतो? गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता पती-पत्नींची समाईक धरली जाते. आयकर कायद्यानेही अशा जोडप्यांचं पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत समान वाटून धरण्याची तरतूद केली. खातं कोणाच्या नावावर आहे, याला तिथे तुलनेने कमी महत्त्व आहे. महाराष्ट्रात आणि देशात बहुतेक ठिकाणी मात्र लग्न झालं म्हणून जोडीदाराच्या खात्यातल्या पैशावर आपोआप मालकी येत नाही. १० जुलै २०२४ रोजी मोहम्मद अब्दुल समद खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी संयुक्त बँक खाती आणि एटीएमचा वापर हे गृहिणींना आर्थिक स्थैर्य देण्याचे मार्ग म्हणून नमूद केले, ते या पार्श्वभूमीवर.

त्यामुळे संयुक्त खात्यावर दोन नावं छापली गेली म्हणजे काम झालं, असं नाही. ते खातं चालवायचं कसं, हे उघडतानाच ठरतं. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असं लिहिलं असेल तर दोघांपैकी कोणीही एकटं व्यवहार करू शकतं, आणि एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला खातं वापरता येतं. ‘जॉइंटली’ असेल तर प्रत्येक व्यवहाराला दोन्ही सह्या लागतात. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’मध्ये पहिलं नाव असलेली व्यक्ती हयात असेपर्यंत तीच खातं चालवते, दुसरं नाव तोवर केवळ कागदावर राहतं. बायकोचं नाव आहे, पण तिला एक रुपयाही काढता येत नाही, असं कधी कधी घडतं ते याच कारणाने.

करासाठीही नुसतं नाव पुरत नाही. संयुक्त खात्यातल्या व्याजावर कर लागतो तो पैसे ज्याने घातले त्याला. नवऱ्याने बायकोला बक्षीस दिलेल्या रकमेवर कर लागत नाही, पण ती रक्कम गुंतवून मिळालेलं उत्पन्न पुन्हा त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. घरात पैसे समान वाटले म्हणून कर वाचेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

स्वतंत्र खाती आणि वाटा ही पद्धत ज्यांना सोयीची वाटते, त्यांची गाडी अडते ती वार्षिक खर्चांपाशी. दरमहाचे ७५ हजार मोजले जातात. गाडीचा विमा, आरोग्य विम्याचा हप्ता, दिवाळी आणि जूनमधली शाळेची फी मात्र मोजायची राहते. हे वर्षाला १ लाख २० हजार होत असतील, तर खरा मासिक खर्च ८५ हजार आहे. दहा हजार कमी पडत राहिले की ते कोणीतरी आपल्या खिशातून भरतं; बहुधा जो दुकानात उभा असेल तो. घरखातं दर महिन्याच्या वीस तारखेलाच रिकामं होत असेल, किंवा दोघांपैकी एकाच्या यूपीआयच्या यादीत भाजी, औषधं, वह्या सतत दिसत असतील, तर ठरवलेला वाटा अपुरा आहे हे ओळखावं.

व्यवस्था बसवायला बँकेत दोन कामं करावी लागतात. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप वळती होईल, अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन दोघांनीही द्यावी. आणि दोघांच्याही प्रत्येक खात्यावर वारस नोंदवलेला आहे का, ते पाहावं. १ नोव्हेंबर २०२५पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नावं देता येतात. दोन वर्षं व्यवहार न झालेलं खातं निष्क्रिय होतं, त्यामुळे जुन्या नोकरीतली पगाराची खातीही यादीत घ्यावीत. पगारवाढ, नोकरीतला बदल, बाळंतपण किंवा आई-वडिलांचं आजारपण आलं, की त्याच महिन्यात दोघांनी बसून वाट्याची रक्कम नव्याने मोजावी आणि बँकेतली जुनी सूचना बदलून घ्यावी.