नावाचा रकाना पुसल्यावर

रुग्णालयाची, बँकेची किंवा शाळेची नोंदींची फाइल डेटा सायन्सच्या विद्यार्थ्याच्या हाती आली की पहिलं काम ठरलेलं असतं. नाव, मोबाइल नंबर, आधार क्रमांक, पत्ता हे रकाने उडवायचे. उरतात पिनकोड, जन्मतारीख, लिंग आणि कामाची माहिती, म्हणजे निदान, औषधं, खर्च. फाइल आता ‘निनावी’ झाली असं समजून ती ड्राइव्हवर चढते, आणि खरी गडबड तिथेच होते.

साधा हिशेब करू. समजा एका पिनकोडात ५०,००० माणसं राहतात. ८० वर्षांपर्यंतची वयं धरली तर जन्मतारखा २९,२०० होतात आणि स्त्री-पुरुष वेगळे केले की ५८,४०० खण. म्हणजे माणसांपेक्षा खणच जास्त! ही माणसं खणांमध्ये यादृच्छिकपणे, सारख्या शक्यतेने विखुरली, तर शंभरातली सरासरी चाळीसहून अधिक आपापल्या खणात एकटी असतात. त्यांचं नाव फाइलमध्ये नसलं, तरी पिनकोड, तारीख आणि लिंग मिळून नावाचंच काम करतात. अशा रकान्यांना क्वासी-आयडेंटिफायर म्हणतात. (आपल्याकडच्या जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहून टाकलेले पुष्कळ जण आहेत. त्यांना गर्दीत लपायची सोय आपोआप झाली आहे.)

हा धोका कागदावरचा नाही, हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात नव्वदच्या दशकात दिसलं. तिथल्या ग्रुप इन्शुरन्स कमिशनने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयभेटींची माहिती नावं-पत्ते काढून संशोधकांना दिली. त्या वेळी एमआयटीत शिकणाऱ्या लतान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली. तिच्यात नाव, पत्ता, झिपकोड, जन्मतारीख, लिंग सगळं होतं. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड केंब्रिजमध्येच राहत. यादीत त्यांच्या जन्मतारखेचे सहा जण निघाले, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या झिपकोडात एकच. दोन्ही याद्या जुळवल्यावर गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद समोर आली.

या गोष्टीवर पुढे टीकाही झाली आणि ती रास्त होती. मतदारयादीत सगळे रहिवासी नसतात, त्यामुळे यादीत एकटा दिसणारा माणूस शहरातही एकटाच असेल असं नाही. वेल्ड १९९६मध्ये एका समारंभात कोसळले होते आणि ती बातमी सर्वांना ठाऊक होती. सामान्य माणसाची ओळख इतक्या खात्रीने पटवणं अवघड गेलं असतं. तरी मुख्य मुद्दा टिकतो: आपली फाइल दुसऱ्या कोणत्या यादीला जोडली जाईल, हे फाइल देणाऱ्याच्या हातात नसतं.

स्वीनी आणि पिएरांजेला सामाराती यांनी १९९८मध्ये यावर के-ॲनॉनिमिटी हा उपाय मांडला. नियम सोपा आहे. क्वासी-आयडेंटिफायरच्या प्रत्येक जोडणीत निदान k ओळी सारख्या दिसल्या पाहिजेत. k पाच असेल तर कोणतीही ओळ आणखी चार ओळींपासून वेगळी काढता येता कामा नये. त्यासाठी जन्मतारखेऐवजी दहा वर्षांचा वयोगट घ्यायचा, पिनकोडाचे शेवटचे दोन आकडे झाकायचे, आणि तरीही एकटी राहणारी ओळ गाळायची. तपासणी दोन ओळींत होते:

```python
qi = ["pin", "age_band", "sex"]
print(df.groupby(qi, dropna=False).size().min())
```

यातलं `dropna=False` विसरू नका. ते नसेल तर पांडाज पिनकोड रिकामा असलेल्या ओळी गुपचूप वगळते. त्यात एखादी एकटीच असलेली ओळ असू शकते, आणि छापून येतो मात्र समाधानकारक पाच.

आता नियम तंतोतंत पाळलेली फाइल घेऊ. k आहे तीन. एका गटात चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या, 4110 पिनकोडाच्या तीन स्त्रिया आहेत आणि तिघींच्याही निदानात क्षयरोग लिहिलाय. आपली शेजारीण या वयाची आहे आणि याच रुग्णालयात गेली होती, एवढं ज्याला माहीत आहे त्याला तिची ओळ शोधायची गरजच उरत नाही. तिघींपैकी कोणतीही असली तरी उत्तर एकच. हे टाळायला एल-डायव्हर्सिटी आली. तिचं म्हणणं असं, की गटातली निदानंही वेगवेगळी हवीत.

चला, तसंही करू. पहिल्या रुग्णालयाच्या फाइलमध्ये तिच्या गटात क्षयरोग, मधुमेह, दमा अशी तीन निदानं आहेत. ती दुसऱ्या एका रुग्णालयातही गेली होती. त्यांनीही त्यांची फाइल नियम पाळून दिली आणि तिथे तिच्या गटात क्षयरोग, कावीळ, मलेरिया आहेत. दोन्ही गटांत समान फक्त क्षयरोग. दोन्ही रुग्णालयांनी नियम पाळला आणि तरीही बाईंची गोष्ट बाहेर पडली. माझ्या मते के-ॲनॉनिमिटीचं खरं दुखणं हेच आहे. ती एका तक्त्याचा गुण सांगते. शेजारच्या टेबलावर दुसरा कोणता तक्ता पडलाय, याबद्दल तिला काही म्हणायचंच नसतं.

डिफरन्शियल प्रायव्हसी सुरुवातच निराळ्या जागी करते. सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम आणि ॲडम स्मिथ यांनी २००६मध्ये ती मांडली. तक्ता कसा दिसतो हे इथे तपासत नाहीत, उत्तर देण्याची पद्धत तपासतात. अट अशी की एखादी व्यक्ती यादीत असो वा नसो, कोणतंही उत्तर येण्याची शक्यता जवळजवळ तेवढीच राहिली पाहिजे. ‘जवळजवळ’ म्हणजे किती, ते एप्सिलॉन (ε) हा आकडा ठरवतो. दोन्ही शक्यतांमध्ये जास्तीत जास्त e^ε पटीचा फरक चालतो.

समजा रुग्णालय दर आठवड्याला क्षयरुग्णांची संख्या जाहीर करतं. गेल्या आठवड्यात ४७, या आठवड्यात ४८, आणि मधल्या काळात नोंद झालेली नवी व्यक्ती एकच होती हे कुणाला तरी माहीत आहे. वजाबाकी केली की तिचं निदान कळलं. म्हणून खरी संख्या न सांगता तिच्यात थोडा यादृच्छिक आकडा, म्हणजे नॉइज, मिसळायचा. किती मिसळायचा? एका माणसाच्या असण्या-नसण्याने संख्या जास्तीत जास्त एकाने बदलते. या एकला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. तिला ε ने भागलं की लाप्लास वितरणाची रुंदी मिळते.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng()
epsilon = 0.5
print(47 + rng.laplace(0, 1/epsilon))
```

ε अर्धा धरला तर रुंदी दोन होते. उत्तर खऱ्यापासून सरासरी दोनने हुकतं आणि वीसांतल्या एकोणीस वेळा सहाच्या आत राहतं. मग ४७ आणि ४८ यांतला फरक वजाबाकीने पकडता येत नाही. बदल्यात मिळणारं आश्वासनही आकड्यात सांगता येतं. e^0.5 म्हणजे सुमारे १.६५. शेजारीण त्या यादीत आहे की नाही याबद्दल कुणाचा आधी पन्नास-पन्नास टक्के अंदाज असेल, तर उत्तर पाहून तो फार तर बासष्ट टक्क्यांवर जाईल, मग त्याच्याकडे मतदारयादी असो, दुसऱ्या रुग्णालयाची फाइल असो, नाहीतर बाकी सगळ्या रुग्णांची नावं असोत.

पण ही हमी एका उत्तराची आहे. तोच प्रश्न शंभरदा विचारू दिला, दर वेळी नवा नॉइज घातला, आणि कुणी उत्तरांची सरासरी काढली, तर नॉइज आपसांत मिटून खरी संख्या पुन्हा वर येते. म्हणून प्रत्येक उत्तराचा ε जमाखर्चाच्या वहीत खर्ची पडतो, आणि खर्चांची बेरीज होते. अर्ध्या-अर्ध्याची दहा उत्तरं म्हणजे पाच. तेव्हा तो बासष्ट टक्क्यांचा अंदाज नव्याण्णवच्या पुढे जाऊ शकतो. याला प्रायव्हसी बजेट म्हणतात. ते संपलं की प्रश्न कितीही महत्त्वाचा असला तरी उत्तर द्यायचं नाही. पहिल्यांदा काम करणाऱ्यांना हे सगळ्यात जड जातं.

चुका मात्र बहुधा गणितात होत नाहीत, कोडमध्ये होतात. निकाल पुन्हा तसाच यावा म्हणून नोटबुकच्या वर `seed=42` लिहायची सवय वर्गातच लागते. नोटबुक आणि उत्तर दोन्ही प्रसिद्ध झाले की वाचणारा तोच नॉइज काढून उत्तरातून वजा करतो आणि त्याला ४७ मिळतात. सरासरी पगार काढताना एकच अतिश्रीमंत माणूस सेन्सिटिव्हिटी कुठल्या कुठे नेतो. म्हणून पगाराला वरची मर्यादा घालतात, पण ती मर्यादा त्याच फाइलमधल्या सर्वांत मोठ्या पगारावरून ठरवली तर ती मर्यादाच त्या माणसाची चुगली करते. शिवाय संगणकातली दशांश संख्या हुबेहूब लाप्लास वितरण देत नाही. तिच्या शेवटच्या बिटांवरून खरी संख्या ओळखता येते, हे इल्या मिरोनोव यांनी २०१२मध्ये दाखवलं. तेव्हा वरचे चार ओळींचे कोड समजून घेण्यापुरते. प्रत्यक्ष कामाला ओपनडीपीसारखी तपासलेली लायब्ररी घ्यावी.

नॉइजचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. सहाची चूक ४,७०० रुग्णांच्या जिल्ह्यात दिसतही नाही, तीन रुग्णांच्या पाड्यात मात्र आकडाच निरर्थक होतो. कधी तो उणे येतो, आणि उणे रुग्ण पाहून अधिकारी फोन करतात. उत्तर शून्यावर आणून ठेवायला हरकत नाही, त्याने हमी मोडत नाही. पण सगळीच उणी उत्तरं शून्य केली तर अशा शंभर पाड्यांची बेरीज फुगते.

ही ओढाताण मोठ्या प्रमाणावर झाली ती अमेरिकेच्या २०२०च्या जनगणनेत. तिथल्या जनगणना विभागाने आधी २०१०चे आपलेच छापील तक्ते घेऊन त्यांवरून मूळ नोंदी परत रचून पाहिल्या. व्यापारी याद्यांशी जुळवल्यावर सुमारे १७ टक्के लोकसंख्येची ओळख पटली, आणि ती बरोबर असल्याचं विभागाला स्वतःच्या कागदांवरून ठरवता आलं. मग २०२०च्या तक्त्यांसाठी डिफरन्शियल प्रायव्हसी आली. लगेच तक्रारी सुरू झाल्या. छोट्या गावांचे आकडे बिघडतील, मतदारसंघांच्या सीमा चुकतील, असं म्हणत अलाबामा राज्य कोर्टात गेलं. २०२१मध्ये विभागाने मतदारसंघांच्या आकड्यांसाठी एकूण ε ठरवला १९.६१. त्याचा e^ε जवळजवळ तेहतीस कोटी येतो (देवांची संख्या आठवावी). निव्वळ सूत्राच्या भाषेत एवढ्या मोठ्या ε ला आश्वासन म्हणणं कठीण आहे. विभागाची बाजू अशी, की हा खर्च देश, राज्य, जिल्हा, वस्ती अशा अनेक पातळ्यांच्या असंख्य तक्त्यांत वाटला गेलाय आणि एका वस्तीच्या एका तक्त्याच्या वाट्याला त्यातला थोडाच येतो. काही अभ्यासकांना हे पटतं, काहींना नाही. हा आकडा किती असावा हे सूत्र सांगत नाही. गोपनीयता आणि अचूकता यांतली किती कोणाच्या पदरात टाकायची, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवावं लागतं, आणि के-ॲनॉनिमिटीतल्या k चंही तसंच आहे. फाइल मोजक्या संशोधकांना करार करून, बंद खोलीत वापरायला द्यायची असेल तर मी आजही के-ॲनॉनिमिटीच लावीन. तिथे ओळी खऱ्या राहतात आणि करार मोडणाऱ्याला जाब विचारता येतो. संकेतस्थळावर जाणाऱ्या आकड्यांना मात्र नॉइज, आणि त्या आकड्यांशेजारी ε किती खर्च झाला तेही छापलेलं.