चिंचेचं पान न कापता आभाळ काढताना

पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी पारावरच्या चिंचेचा फोटो हवा आहे. झाड हवं, पण त्यामागचं पावसाळी, पांढरंफटक आभाळ नको. तिथे दुसरा रंग किंवा दुसरं आभाळ बसवायचं आहे. काम ऐकायला किरकोळ वाटतं. मांडणी करणारा माणूस फोटोशॉप उघडतो, पेन टूल घेतो आणि झाडाच्या कडेने रेघ ओढू लागतो. खोडापर्यंत सगळं ठीक चालतं. शेंड्याकडे गेलं की फांद्यांच्या गुंत्यातून आभाळाचे हजारो कवडसे दिसू लागतात आणि हात थांबतो.

हे काम रेघेने का होत नाही याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. झाडापासून अठरा-वीस मीटरवर उभं राहून मोबाइलने आडवा फोटो काढला, तर चौकटीत साधारण 24 मीटर रुंदीचं दृश्य मावतं. फोटो 4000 पिक्सेल रुंद असेल, तर एका पिक्सेलच्या वाट्याला 6 मिलिमीटर येतात. चिंचेची एक पर्णिका जेमतेम तेवढीच रुंद असते आणि एका देठावर अशा दहा-पंधरा जोड्या असतात. म्हणजे झाडाच्या कडेला असंख्य पिक्सेल असे आहेत, ज्यांत थोडं पान आहे आणि थोडं आभाळ. ते कोणत्या बाजूचे हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण ते दोन्ही बाजूंचे आहेत. कात्री त्यांना एकतर ठेवेल किंवा टाकेल. ठेवले तर पांढरी किनार राहते, टाकले तर पानं कापली जातात.

अशा पिक्सेलला ‘तीस टक्के राहा’ असं सांगता येणारं साधन म्हणजे मास्क. मास्क हे काळ्या-पांढऱ्या रंगातलं चित्र असतं. त्यात पांढरं असेल तिथे थर दिसतो, काळं असेल तिथे लपतो आणि करडं असेल तिथे तेवढ्या प्रमाणात पारदर्शक होतो. हे चित्र हाताने रंगवण्याऐवजी फोटोतल्याच उजेड-अंधारातून काढलं की त्याला ल्युमिनॉसिटी मास्क म्हणतात. टोनी कायपर या अमेरिकी निसर्गछायाचित्रकाराने 2006 साली या पद्धतीची मांडणी करून ती आपल्या व्यवसायबंधूंत रुजवली. त्याचा भर उजळ आणि गडद भागांवर वेगवेगळे संस्कार करण्यावर होता. आपल्याला त्याच युक्तीने आभाळ उचलायचं आहे, आणि इथे एक अडचण येते.

फोटोशॉपमध्ये Ctrl+Alt+2 दाबलं की चित्राच्या उजेडाची निवड होते. पण हा उजेड मोजताना लाल, हिरवा आणि निळा यांना सारखं वजन मिळत नाही. ढोबळमानाने हिरव्याला 59, लालला 30 आणि निळ्याला फक्त 11 टक्के. माणसाच्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो म्हणून ही वाटणी आहे. झाडाच्या बाबतीत मात्र ती मुळावर येते. आभाळाच्या एका बिंदूची आकडेवारी लाल 246, हिरवा 248, निळा 252 अशी आहे असं समजू. उजेड आरपार जाऊन पोपटी झालेल्या कोवळ्या पानाची लाल 190, हिरवा 205, निळा 90. वरच्या वजनांनी पानाचा उजेड 188 येतो आणि आभाळाचा 248. फरक फक्त 60 चा. निरभ्र निळं आभाळ असेल, समजा 120, 165, 225, तर त्याचा उजेड 158 भरतो. म्हणजे पान आभाळापेक्षा उजळ ठरतं आणि मास्क उलटाच लागतो.

आता तोच फोटो फक्त निळ्या चॅनलमधून पाहा. आभाळ 252, पोपटी पान 90, सावलीतलं गडद पान 48. फरक एकदम 162 वर गेला. कारण वनस्पतीशास्त्राचं आहे. पानातलं हरितद्रव्य निळा प्रकाश पिऊन टाकतं. पान पिवळं पडलं तरी त्यातली पिवळी द्रव्यंही निळाच खातात. आभाळ पांढरं असो वा निळं, त्यात निळा प्रकाश भरपूर असतो. म्हणून हिरव्या झाडासाठी माझा कौल सरळ निळ्या चॅनलला आहे. मास्क उजेडाचाच, पण निळ्या उजेडाचा. संपूर्ण उजेडाच्या मास्कचे पाच-सहा प्रकार बनवून देणारी तयार बटणं मिळतात. या कामात त्यांची गरज पडत नाही.

Channels पटलात Blue वर उजवी टिचकी मारून त्याची प्रत काढायची. मूळ चॅनलला हात लावायचा नाही, नाहीतर फोटोचेच रंग बिघडतात. Blue copy नावाच्या या प्रतीत झाड गडद करडं आणि आभाळ जवळजवळ पांढरं दिसेल. त्यावर Ctrl+L ने Levels उघडायचं. सगळी करामत इथल्या दोन टोकांत आहे. डावं टोक ठरवतं की कोणत्या आकड्याखाली सगळं काळं व्हावं आणि उजवं टोक ठरवतं की कोणत्या आकड्यावर सगळं पांढरं. आपल्या फोटोत सर्वांत उजळ पान 90 चं आहे, म्हणून डावं टोक 110 वर ठेवू. आभाळ काही ठिकाणी ढगामुळे 230 पर्यंत उतरलं आहे, म्हणून उजवं टोक 225 वर.

आता एक बारीक डहाळी घ्या, जिने एका पिक्सेलचा तीस टक्के भाग व्यापला आहे. डहाळी 48 ची, आभाळ 252 चं. दोन्ही मिसळून त्या पिक्सेलचा निळा आकडा येतो 191. Levels लावल्यावर 110 ते 225 या पट्टीवर तो सत्तर टक्क्यांवर बसतो, म्हणजे 180 चा करडा होतो. मास्क झाडाला लावण्यासाठी तो उलटा करावा लागतो, तेव्हा उरतात 75, म्हणजे एकोणतीस टक्के. डहाळीने तीस टक्के जागा व्यापली होती आणि मास्कने तिला तेवढीच जागा दिली. कुणीही रेघ न ओढता हे आपोआप झालं, आणि कडेच्या प्रत्येक पिक्सेलसाठी झालं.

ही टोकं एकमेकांजवळ सरकवण्याचा मोह फार होतो, कारण त्यामुळे मास्क पडद्यावर स्वच्छ, काळा-पांढरा दिसतो. समजा 100 आणि 130 ठेवले. आपली 191 ची डहाळी पूर्ण पांढरी, म्हणजे आभाळात जमा झाली आणि चित्रातून गेली. याउलट 200 आणि 210 ठेवले तर ती पूर्ण काळी झाली. डहाळी राहिली खरी, पण तिच्यात मिसळलेलं सत्तर टक्के आभाळही सोबत राहिलं आणि झाडाला पिठूळ किनार आली. चूक ओळखायची खूण सोपी आहे. शेंड्याकडचा भाग दोनशे टक्के मोठा करून पाहावा. कडेला करड्याच्या पायऱ्या दिसायला हव्यात. काळ्याला लागून थेट पांढरं दिसलं, किंवा डहाळी तुटक ठिपक्यांसारखी झाली, तर टोकं दूर करावीत.

त्यामुळे मास्कमध्ये काही डाग राहतात. गर्द पानांत कुठे करडी छटा, आभाळात एखादा मळकट ढग. ते काढायला ब्रश घ्यायचा, पण त्याचा Mode Overlay ठेवायचा आणि जोर वीसेक टक्के. या अवस्थेत पांढरा रंग फिरवला तर फिकट करडं पांढरं होत जातं आणि निव्वळ काळ्याला काहीच होत नाही. काळा रंग घेतला तर तेच उलट्या दिशेने. मात्र हा ब्रश कडेवर सतत घासू नये, नाहीतर Levels मध्ये जपलेला करडा इथे जातो. झाडाखालच्या पांढऱ्या भिंती, माणसांचे सदरे, ओला रस्ता हे सगळं निळ्या चॅनलला आभाळासारखंच उजळ वाटतं. तिथे लॅसोने ढोबळ निवड करून सरळ काळं भरावं. तिथे पानं नाहीत, कात्री चालते.

Ctrl धरून Blue copy च्या छोट्या चित्रावर टिचकी मारली की आभाळाची निवड होते. Ctrl+Shift+I ने ती उलटी करून झाडाच्या थराला मास्क लावला की आभाळ गेलं. निवडीभोवती धावणाऱ्या तुटक रेषा पाहून मात्र घाबरू नये. त्या पन्नास टक्क्यांची सीमा तेवढी दाखवतात. आपली तीस टक्के डहाळी त्यांच्या कुंपणाबाहेर दिसते, तरी ती मास्कमध्ये असते. मोफत मिळणाऱ्या जिंपमध्येही हाच क्रम चालतो. निळ्या चॅनलची प्रत, त्यावर Levels, मग निवड आणि मास्क.

इथे बरेच जण थांबतात आणि गडद पार्श्वभूमी लावल्यावर चकित होतात. झाडाभोवती पुन्हा पुसट पांढरी झालर असते. मास्क चुकलेला नसतो. त्या डहाळीच्या पिक्सेलची पारदर्शकता बरोबर आहे, पण त्याचा रंग अजून जुन्या मिश्रणाचाच आहे. तीस टक्केच दिसणारा तो पिक्सेल स्वतः पांढुरका आहे. म्हणून झाडाच्या थरावर एक रिकामा थर घेऊन तो त्याला क्लिप करायचा, Alt धरून शेजारच्या फांदीचा किंवा पानाचा खरा रंग उचलायचा आणि कडेकडेने भरायचा. क्लिप केल्यामुळे रंग झाडाबाहेर जात नाही. थराचा Mode Darken ठेवला तर फक्त अधिक फिकट पिक्सेल बदलतात आणि आतली गडद पानं तशीच राहतात. सूर्याने झळकणाऱ्या पानांवरून मात्र हा ब्रश नेऊ नये, ती निस्तेज होतात.

काही झाडांपुढे निळा चॅनल हात टेकतो. नीलगिरीचं गुळगुळीत फिकट खोड, पांढरा चाफा, आणि आभाळाचं प्रतिबिंब पडलेली आंब्या-वडाची तकतकीत पानं निळ्यातही उजळ असतात. तिथे मास्कमध्ये पडलेली भोकं हाताने बुजवावी लागतात. भिंगाच्या दोषामुळे फांद्यांना जांभळी किनार आली असेल तर ती आधी काढावी, कारण जांभळ्यात निळा असतो आणि फांद्या मास्कमध्ये बारीक होतात. कॅमेरा रॉच्या Defringe ने ते होतं. फोटोला धार चढवण्याचं काम तर मास्कनंतरच. आणि फोटो काढतानाच आभाळ इतकं उजळलं असेल की त्याने बारीक डहाळ्या गिळल्या, तर त्या कोणत्याच चॅनलमध्ये सापडत नाहीत. म्हणून शक्यतो रॉमध्ये आणि थोडा कमी उजेड घेऊन फोटो काढावा.

सर्वांत अवघड भाग मास्कच्या पलीकडचा आहे. चिंचेची ती पोपटी पानं ज्या उजेडाने पोपटी झाली, तो उजेड आपण काढून टाकलेल्या आभाळाचाच होता. मागे सांजेचं निळंकाळं आभाळ बसवलं तर एकही पान न कापता झाड चिकटवलेलं दिसतं, कारण पानांमागून येणारा प्रकाश कुठून आला याचं उत्तर चित्रात सापडत नाही. Curves ने पानं उतरवून थोडंफार जुळवता येतं. पण नवी पार्श्वभूमी सर्वांत उजळ पानापेक्षा उजळ ठेवणं जास्त शहाणपणाचं. मुखपृष्ठाला फिका पिवळसर रंग चालणार असेल, तर पानांचा उजेडही पटतो आणि कडेला रंग भरण्याचं निम्मं काम वाचतं.