पाचवीचं रडू आणि चौदाव्या दिवसाची भेट

हदगाव तालुक्यातलं एखादं घर घ्या. पाचव्या दिवशी सटवीची पूजा मांडलेली, पाहुण्यांची वर्दळ, आणि बाजेवर बाळंतीण मुसमुसत बसलेली. काय होतंय विचारलं तर तिलाच सांगता येत नाही. घटकेत हसते, घटकेत आईवर चिडते. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी कुजबुजतं, मुलगी झाली ना म्हणून. दोन्ही निदानं बहुधा चुकीची असतात. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना असं रडू येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सुरू होतं, चौथ्या-पाचव्या दिवशी टोकाला जातं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं. डॉक्टर त्याला 'बेबी ब्लूज' म्हणतात.

त्यामागे शरीरातली मोठी पडझड असते. गर्भारपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं प्रामुख्यानं वारेतून तयार होतात आणि नेहमीच्या कितीतरी पट वाढतात. वार पडली की कारखानाच बंद होतो आणि थोड्याच दिवसांत ही पातळी गर्भारपणाच्या आधीच्या पायरीवर येते. प्रोजेस्टेरॉन घसरल्यामुळेच अंगावर दूध उतरतं, म्हणजे ही घसरण हवीच असते. मात्र प्रोजेस्टेरॉनपासून बनणारं, मेंदूला शांत ठेवणारं अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनही त्यासोबत कमी होतं.

आता खरा पेच. वार प्रत्येकीची पडते, मग महिनोन्‌महिन्यांचं नैराश्य काहींनाच का येतं? याचा शोध घेणारा एक सुंदर प्रयोग अमेरिकेत झाला आणि 2000 साली प्रसिद्ध झाला. मिकी ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी सोळा स्त्रिया निवडल्या. आठ जणींना पूर्वी प्रसूतीनंतर नैराश्य आलं होतं, आठ जणींना नव्हतं. प्रयोगाच्या वेळी कुणीच बाळंतीण नव्हती आणि सगळ्यांची मनःस्थिती ठीक होती. औषधानं त्यांची स्वतःची संप्रेरकं थांबवून बाहेरून दोन्ही संप्रेरकं आठ आठवडे भरपूर दिली आणि मग गुपचूप बंद केली. गर्भ नाही, बाळ नाही, रात्रीची जागरणं नाहीत, सासर-माहेर नाही. उरली फक्त घसरण. पहिल्या गटातल्या आठांपैकी पाच जणींचं मन लक्षणीय खचलं. दुसऱ्या गटात एकीचंही नाही.

सोळा हा आकडा लहान आहे, हे विसरायचं नाही. तरीही त्यातून दिसतं ते असं, की घसरण सारखीच असली तरी काही मेंदू तिला जास्त हळवे असतात. म्हणूनच रक्तातलं संप्रेरक मोजून कुणाला नैराश्य येणार हे सांगता येत नाही. ओळख पटते ती दिवस मोजून आणि बाईला विचारून.

इथे आशाताईंच्या घरभेटींचं वेळापत्रक अचूक जुळतं. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात. समजा, एक पहिलटकरीण तिसऱ्या दिवशी रडतेय, सातव्यालाही. पण लेकरू हातात दिलं की खुलते, बाळ निजलं की तिलाही डोळा लागतो. चौदाव्या दिवशी ती बरी दिसली तर विषय संपला. पण त्या दिवशीही ती उदास असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, डिंकाचा लाडू तसाच पडलेला असेल, 'माझ्याकडून लेकरू सांभाळलं जाणार नाही' असं ती पुन्हापुन्हा म्हणत असेल, तर ते ब्लूज उरत नाही. तिला डॉक्टरकडे न्यायला हवं. तिथे रक्तक्षय आणि थायरॉइडही तपासावं, कारण त्यांची लक्षणं अशीच असतात. समुपदेशनानं भागलं नाही तर स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी नैराश्यावरची औषधं आहेत.

आणि भलतंसलतं बोलणं, भास, रात्र-रात्र जागून काढणं, स्वतःचं किंवा बाळाचं काही करून घेण्याची भाषा, यातलं काही दिसलं तर चौदावा दिवस येण्याची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. 14416 हा टेली-मानसचा क्रमांक आहे.

संप्रेरकांवर सगळं खापर फोडणं मात्र सोयीचं ठरेल. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयातल्या मातांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 252 पैकी 59 जणींना, म्हणजे 23 टक्के मातांना नैराश्य होतं. पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध असलेल्या घरांत धोका जास्त होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या 59 जणींपैकी 78 टक्के बायकांना मानसिक त्रास गर्भारपणातच सुरू झाला होता, वार पडण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहिलं जातं त्या सातव्या-आठव्या महिन्यातल्या तपासणीतच 'झोप लागते का, मन कशात रमतं का' असं विचारलं असतं, तर त्यातल्या बहुतेक जणी तेव्हाच सापडल्या असत्या.